विभागाला नेमके कोणते प्रशिक्षण हवे, हे फॉर्म भरून घेतल्याने कळते का?

गोदाकाठ (धागाकर्ती) · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करते. आमच्याकडे ॲल्युमिनियमचे सुटे भाग मशिनिंग करून वाहन उद्योगातील ग्राहकांना पाठवले जातात. गेल्या सहा महिन्यांत ग्राहकांकडून ४१ तक्रारी आल्या. त्यामुळे तपासणी विभागातील लोकांना प्रशिक्षण द्यावे, असा आदेश वरून आला आहे. विभागात १४ तपासनीस आहेत. त्यांपैकी नऊ जण कायम आहेत आणि पाच जण ठेकेदारामार्फत आलेले आहेत. काम तीन पाळ्यांत चालते आणि प्रत्येकाची पाळी दर आठवड्याला बदलते.

नेहमीच्या पद्धतीप्रमाणे मी सर्वांना प्रशिक्षणाच्या गरजेचा फॉर्म दिला. चौदापैकी अकरा जणांनी एक्सेल किंवा इंग्रजी संभाषण असे लिहून दिले. विभागप्रमुखांनी आपल्या रकान्यात ‘गुणवत्तेविषयी जाणीव’ असे लिहिले आणि सोबत एका संस्थेचा दोन दिवसांच्या कार्यक्रमाचा १,४०,००० रुपयांचा प्रस्तावही जोडला. ४१ तक्रारींचा आणि एक्सेलचा संबंध मला लागत नाही. ‘जाणीव’ वाढल्याने कोणती तक्रार कमी होणार, हेही कोणाला सांगता येत नाही. प्रस्तावावर सही होण्यापूर्वी माझ्या हातात तीन आठवडे आहेत. या तीन आठवड्यांत खरी उणीव कशी शोधावी, याविषयी अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावे.

स्वप्निल ७९ · सोमवार, रात्री १०.०५

आपल्याला प्रशिक्षक हवा असल्यास माझ्या माहितीत दोन उत्तम प्रशिक्षक आहेत. त्यांचे कार्यक्रम मराठीतून होतात, खेळ घेतले जातात आणि लोक अजिबात कंटाळत नाहीत. आमच्याकडे मागील वर्षी झालेल्या कार्यक्रमाला सर्वांनी पाचपैकी साडेचारच्या वर गुण दिले होते. संपर्कासाठी व्यक्तिगत निरोप पाठवावा.

गोदाकाठ · सोमवार, रात्री १०.२०

आभारी आहे, पण प्रशिक्षक कोण असावा हा प्रश्न अजून आलेलाच नाही. प्रशिक्षण हवे आहे का, आणि हवे असल्यास कोणाला व कशाचे, एवढेच सध्या विचारते आहे.

संगमनेरकर · मंगळवार, सकाळी ७.५०

ताई, आपल्याकडे स्किल मॅट्रिक्स असेलच, कारण वाहन उद्योगाच्या ऑडिटमध्ये ते पाहिल्याशिवाय ऑडिटर उठत नाहीत. डावीकडे माणसांची नावे, वर कामांची नावे आणि प्रत्येक चौकटीत चार भागांचे वर्तुळ असते. एक भाग भरलेला असेल तर शिकाऊ, दोन असतील तर देखरेखीखाली काम करणारा, तीन असतील तर स्वतंत्रपणे काम करणारा आणि पूर्ण भरलेले असेल तर दुसऱ्याला शिकवू शकणारा, असा त्याचा अर्थ असतो. ज्याच्या वर्तुळात तीनपेक्षा कमी भाग भरलेले आहेत, त्याला त्या कामाचे प्रशिक्षण द्यावे. मी अकरा वर्षे असेच करीत आलो आहे आणि ऑडिटमध्ये एकदाही त्रुटी निघालेली नाही. यासाठी तीन आठवडे कशाला लागतात, हे मला समजले नाही.

जुना मापाडी · मंगळवार, दुपारी १.१५

संगमनेरकरांचे म्हणणे अर्धे मान्य आहे. मॅट्रिक्स हवेच, परंतु त्यातील वर्तुळे कोणी आणि कशावरून भरली, हे आधी विचारावे लागते. मी तीस वर्षे गुणवत्ता विभागात काढली. बहुतेक ठिकाणी ही वर्तुळे ऑडिटच्या आदल्या आठवड्यात सुपरवायझर आपल्या टेबलावर बसून भरतो. जो माणूस वेळेवर येतो, उलट बोलत नाही आणि कागद नीट लिहितो, त्याला तीन भाग मिळतात. त्याचे मोजमाप बरोबर येते की नाही, हे त्या वर्तुळात कोठेही आलेले नसते. ऑडिटमध्ये त्रुटी निघाली नाही यावरून कागद पूर्ण होता एवढे सिद्ध होते.

गोदाकाठ यांनी आता माणसांकडे न पाहता प्रथम तक्रारींकडे पाहावे. ४१ तक्रारी ४१ ओळींत लिहाव्यात. प्रत्येक ओळीत काय बिघडले, कोणत्या पार्टवर, तो माल कोणत्या पाळीत तपासला गेला आणि तपासणीच्या अहवालावर कोणाची सही आहे, एवढेच असावे. ‘मानवी चूक’ आणि ‘निष्काळजीपणा’ हे दोन शब्द त्या तक्त्यात कोणालाही लिहू देऊ नयेत, कारण ते लिहिले की शोध तेथेच थांबतो. हा तक्ता येथे मांडल्यास पुढचे बोलता येईल. कारखान्याचे किंवा माणसांचे नाव अर्थातच नको.

गोदाकाठ · गुरुवार, रात्री ८.३०

तक्ता तयार करायला दोन दिवस गेले, कारण निम्मे अहवाल जुन्या फायलींत होते. ४१ पैकी १७ तक्रारी एकाच स्वरूपाच्या आहेत. पार्टमधील २५ मिलिमीटरचे गोल भोक, म्हणजे बोअर, ग्राहकाकडे लहान भरले आणि त्यात बेअरिंग बसले नाही. नऊ तक्रारी डाव्या व उजव्या बाजूचे पार्ट एकमेकांत मिसळल्याच्या किंवा चुकीच्या लेबलच्या आहेत. आठ तक्रारी बर, म्हणजे कापलेल्या कडेला राहिलेली धातूची कोर, आणि ठोक्याच्या खुणा यांच्या आहेत. उरलेल्या सात किरकोळ असून त्यांत पॅकिंग आणि सोबतचा कागद नसणे असे प्रकार आहेत.

बोअरच्या १७ तक्रारींत एक गोष्ट विचित्र वाटली. त्यांपैकी दहा तिसऱ्या पाळीतील आहेत आणि त्यांवर सहा वेगवेगळ्या लोकांच्या सह्या आहेत. उरलेल्या सात दिवसाच्या दोन पाळ्यांत विखुरलेल्या असून त्यांपैकी पाचांवर दोघांच्याच सह्या आहेत. हे दोघेही गेल्या वर्षभरात आलेले ठेकेदारी कामगार आहेत. मॅट्रिक्समध्ये मात्र या दोघांच्या बोअर मोजण्याच्या चौकटीत तीन-तीन भाग भरलेले आहेत.

जुना मापाडी · गुरुवार, रात्री ९.४५

उत्तम काम केलेत. आता सर्वांत मोठ्या ढिगाकडे, म्हणजे १७ बोअरकडे पाहू.

ज्या सहा जणांच्या सह्या तिसऱ्या पाळीच्या तक्रारींवर आहेत, ते दुसऱ्या आठवड्यात पहिल्या पाळीत येऊन तेच बोअर मोजतात. तेव्हा त्यांच्या मालाच्या तक्रारी येतात का? तुमच्या तक्त्यावरून फारशा येत नाहीत. एकच माणूस दिवसा बरोबर आणि रात्री चूक मोजत असेल, तर त्याला मोजता येते, हे दिवसाच्या मालानेच सिद्ध केले आहे. त्याला वर्गात बसवून पुन्हा मोजायला शिकवण्यात अर्थ नाही. रात्री काय वेगळे असते, हे शोधावे लागेल. मी स्वतःसाठी एक सोपी कसोटी ठरवली होती. या माणसाची वर्षाची पगारवाढ उद्या या एका मोजमापावर ठरणार आहे असे सांगितले, तर तो ते बरोबर करील का? करील, असे उत्तर आले तर प्रशिक्षणाचा प्रश्न तेथे संपतो आणि साधन, वेळ, सूचना किंवा दबाव यांकडे वळावे लागते. प्रयत्न करूनही येणार नाही, असे उत्तर आले तरच ती कौशल्याची उणीव.

त्या दोन नवीन लोकांच्या बाबतीत मात्र ही कसोटी प्रत्यक्ष घेऊन पाहावी लागेल. ती कशी घ्यायची ते उद्या सविस्तर लिहितो. बोअरचे टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते, आणि मोजण्याचे साधन मात्र आधी कळवा.

रात्रपाळी · शुक्रवार, पहाटे ५.१०

मी या ठिकाणी कधी लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवले नाही. मी दुसऱ्या एका कारखान्यात तपासनीस आहे. रात्री काय वेगळे असते ते मी सांगतो. सकाळी सहाला मालाची गाडी सुटते. साडेचारला मशीनवरून उतरलेला पार्ट पाच वाजता पेटीत गेलेला असावा लागतो. हाताला गरम लागणारा पार्ट आम्ही तसाच मोजतो, कारण तो थंड होईपर्यंत थांबलो तर गाडी का थांबवली म्हणून सकाळी जाब विचारला जातो. पाचातला एक पार्ट तपासायचा असे सूचनापत्रकात लिहिलेले आहे आणि गाडीच्या घाईत विसातला एक तपासला जातो. हे सर्वांना माहीत आहे. तरीही प्रशिक्षणाला आम्हालाच बसवतात.

दुसरी गोष्ट अशी की, असल्या चाचण्या घेतल्या की पुढच्या महिन्यात ठेकेदाराचा कोणीतरी माणूस कमी होतो. म्हणून फॉर्ममध्ये कोणीही खरे लिहीत नाही. एक्सेल लिहिलेले सगळ्यांत सुरक्षित असते.

डोंबिवलीकर · शुक्रवार, सकाळी ९.००

पार्ट गरम असल्याने एवढा फरक पडतो का? धातू प्रसरण पावतो हे शाळेत शिकलो आहे, पण पंचवीस मिलिमीटरच्या भोकात तो फरक कितीसा असणार? मला हे कामचुकारपणाचे समर्थन वाटते.

जुना मापाडी · शुक्रवार, दुपारी २.००

डोंबिवलीकरांसाठी हिशेब मांडतो. ॲल्युमिनियमचा एक मीटर लांबीचा तुकडा तापमान एक अंशाने वाढले की साधारण २३ मायक्रॉनने लांबतो; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. २५ मिलिमीटरचे बोअर खोलीपेक्षा पंधरा अंशांनी गरम असेल, तर ते सुमारे साडेआठ मायक्रॉनने मोठे दिसते. आता टॉलरन्स पाहा. बेअरिंगच्या अशा बोअरला बहुधा H7 हा टॉलरन्सचा दर्जा दिलेला असतो आणि २५ मिलिमीटरला त्याचा अर्थ २५.००० ते २५.०२१, म्हणजे एकूण २१ मायक्रॉन एवढाच होतो. साडेआठ मायक्रॉन म्हणजे त्यातील जवळजवळ चाळीस टक्के. गरम असताना २५.००४ भरलेले बोअर पेटीत थंड झाल्यावर २४.९९६ च्या आसपास येते आणि ग्राहकाकडे बेअरिंग अडते. रात्रपाळीच्या गृहस्थांनी जे लिहिले, ते गोदाकाठ यांच्या दहा तक्रारींचे कारण असण्याची दाट शक्यता आहे. अर्थात अंदाजावर थांबू नये. रात्री मोजून ठेवलेले वीस पार्ट त्याच माणसाकडून दुसऱ्या दिवशी थंड झाल्यावर पुन्हा मोजून घ्यावेत. सगळे पार्ट एकाच दिशेने लहान भरले, तर दोष उष्णतेचा आहे.

आता दोन नवीन लोकांच्या चाचणीविषयी. केवळ त्या दोघांची चाचणी घेऊ नका. चौदाही जणांची घ्या, नाहीतर रात्रपाळीच्या गृहस्थांनी सांगितलेली भीती खरी ठरते आणि तुलनेला आधारही राहत नाही. दहा पार्ट निवडा. त्यांतील निम्मे खालच्या मर्यादेच्या अगदी जवळचे असावेत आणि दोन तर नक्की लहान असावेत, कारण सगळे चांगले पार्ट दिले तर डोळे मिटून मोजणाराही उत्तीर्ण होतो. ते दहा पार्ट आणि गेज शून्यावर लावण्याची ठरलेल्या मापाची सेटिंग रिंग रात्रभर स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे स्थिर तापमानाच्या मापन खोलीत, ठेवा आणि त्यांची खरी मापे तेथेच काढून घ्या. प्रत्येकाने आपल्या रोजच्याच बोअर गेजने प्रत्येक पार्ट दोनदा मोजावा. दुसऱ्या वेळी क्रम बदलावा आणि पहिली मापे त्याच्या नजरेसमोर नसावीत. एका माणसाला वीस-पंचवीस मिनिटे लागतील. गेज शून्यावर लावण्याचे कामही त्यालाच करू द्या, आयते लावून देऊ नका. तो मोजत असताना कोणीतरी जाणकाराने शेजारी उभे राहून हात कसा चालतो ते पाहावे, परंतु मध्ये बोलू नये.

आकडे हातात आल्यावर कोण चुकला एवढेच पाहू नका, चूक कोणत्या आकाराची आहे ते पाहा. त्यावरूनच काय शिकवायचे ते ठरते.

संगमनेरकर · शुक्रवार, सायंकाळी ६.३०

मापाडी साहेब, आपले म्हणणे पटते आहे, पण चौदा जणांची चाचणी म्हणजे पाच-सहा तास उत्पादन अडणार. बोअरचे एक काम झाले. अशी कामे मॅट्रिक्समध्ये बावीस आहेत. प्रत्येकाची अशी परीक्षा घेत बसलो तर वर्ष संपेल.

जुना मापाडी · शुक्रवार, रात्री ८.१०

म्हणूनच तक्रारींपासून सुरुवात करायची. बावीसपैकी ज्या दोन-तीन कामांतून तक्रारी येत आहेत तेवढ्यांचीच चाचणी घ्यायची, बाकीच्यांची वर्तुळे सध्या आहेत तशी राहू द्यावीत. त्यांविषयी आपल्याला काही कळले आहे असे मात्र समजू नये.

रत्नागिरीची लेखनिक · शनिवार, सकाळी ११.२०

हा धागा कारखान्याचा असला तरी मला आमच्या सहकारी बँकेतील प्रसंग आठवला, म्हणून लिहिते. आमच्या शाखेतून मुख्य कार्यालयाकडे गेलेल्या कर्जाच्या फायली परत येत असत. दोन वर्षांत आम्हाला तीन वेळा कर्जप्रक्रियेच्या प्रशिक्षणाला पाठवले आणि फायली येत राहिल्या. शेवटी नव्या शाखाधिकाऱ्यांनी परत आलेल्या ६० फायली टेबलावर मांडून घेतल्या. त्यांतील ३८ फायली जामीनदाराची एक सही राहिली म्हणून परत आलेल्या होत्या. अर्जाच्या नव्या छपाईत ती सहीची जागा मागच्या पानावर गेली होती आणि आमच्या भिंतीवरील तपासणी यादी मात्र जुन्या छपाईची होती. यादी बदलली आणि पुढच्या महिन्यात त्या कारणाने एकच फाईल परत आली. प्रशिक्षणात आम्हाला जामीनदाराच्या कायदेशीर जबाबदारीवर दीड तास व्याख्यान दिले होते, ते आजही लक्षात आहे.

प्रश्न असा आहे की, आमच्यासारख्या ठिकाणी बोअर गेज नसते. मग चाचणी कशाची घ्यायची?

जुना मापाडी · शनिवार, दुपारी १२.४५

आपल्या शाखाधिकाऱ्यांनी जे केले ते योग्यच होते. चाचणी घ्यायची झाल्यास जुन्या दहा फायली निवडाव्यात, त्यांतील चारांत माहीत असलेली चूक असावी आणि प्रत्येकाला त्या तपासायला द्याव्यात. यादी समोर असताना एकदा आणि यादी नसताना एकदा. यादी असताना चूक सापडते आणि नसताना सापडत नाही, असे झाले तर चांगली यादी पुरेशी आहे. यादी असूनही सापडत नसेल तर शिकवावे लागेल. याहून अधिक मी बँकेविषयी सांगणे म्हणजे आगाऊपणा होईल.

गोदाकाठ · पुढील आठवडा, गुरुवार, रात्री ९.१५

चाचणी पूर्ण झाली, म्हणून सविस्तर लिहिते. विभागप्रमुख आरंभी तयार नव्हते. ‘माझ्या लोकांची परीक्षा मनुष्यबळ विभाग घेणार का,’ असा त्यांचा सूर होता. त्यांनी दोन अटी घातल्या आणि मला त्या योग्यच वाटल्या. शेजारी उभे राहून पाहण्याचे काम विभागातील सर्वांत ज्येष्ठ तपासनीसाने करावे आणि नावानिशी निकाल विभागाबाहेर जाऊ नये. ठेकेदाराला निकाल कळवायचा नाही, ही तिसरी अट मी घातली.

आधी गरम पार्टविषयी. तिसऱ्या पाळीत मोजलेले वीस पार्ट त्याच तपासनीसाने दुसऱ्या दिवशी दुपारी मोजले. वीसही लहान भरले. फरक पाच ते नऊ मायक्रॉनचा होता. त्यांतील तीन पार्ट तर खालच्या मर्यादेच्या खाली गेले, जे रात्री पेटीत गेले असते. तेव्हा दहा तक्रारींपुरता प्रशिक्षणाचा प्रश्न मिटला.

नंतर दहा पार्टची चाचणी. चौदापैकी दहा जणांची मापे स्टँडर्ड रूमच्या मापांपासून दोन मायक्रॉनच्या आत होती. दोघांची मापे प्रत्येक पार्टवर चार मायक्रॉन मोठी होती, पहिल्या वेळीही आणि दुसऱ्या वेळीही. उरलेल्या दोघांची मापे कधी बरोबर, तर कधी सहा किंवा आठ मायक्रॉन मोठी होती आणि त्यांचीच दोन मापे एकमेकांशी जुळत नव्हती. चूक कोणत्या आकाराची आहे ते पाहा, असे तुम्ही म्हणालात ते येथे मला समजले. पण त्याचा अर्थ लावण्यास मी असमर्थ आहे.

जुना मापाडी · गुरुवार, रात्री १०.००

फार स्वच्छ चित्र आले आहे. ज्यांची मापे सगळीकडे सारख्याच चार मायक्रॉननी मोठी आहेत, त्यांचा हात चांगला आहे, त्यांनी शून्य चुकीच्या ठिकाणी लावले आहे. आपल्या सेटिंग रिंगवर कोरलेला आकडा पाहा. तो नेमका २५.००० नसणार. तो २४.९९६ असेल आणि या दोघांनी तो २५.००० समजून शून्य लावले असेल, तर त्यांना प्रत्येक बोअर चार मायक्रॉन मोठेच दिसणार.

ज्यांची मापे कधी बरोबर आणि कधी मोठी येतात, पण लहान कधीच येत नाहीत, ते गेज बोअरमध्ये झुलवत नसावेत. गेज किंचित तिरका असला की तो तिरपा व्यास दाखवतो आणि तिरपा व्यास खऱ्या व्यासापेक्षा मोठाच असतो. गेज पुढे-मागे झुलवताना काटा एका बाजूला जातो, थबकतो आणि परत फिरतो. तो जेथून परत फिरतो ते सर्वांत लहान माप घ्यायचे असते. नवशिका माणूस गेज आत घालतो आणि काटा स्थिर झाला की आकडा लिहितो. शेजारी उभ्या असलेल्या ज्येष्ठांनी काय पाहिले ते विचारा.

गोदाकाठ · शुक्रवार, सकाळी ८.४०

रिंगवर २४.९९६ असेच कोरलेले आहे! दोघांनी तो आकडा कधी वाचलाच नव्हता. त्यांना ज्याने काम दाखवले त्याच्या पाळीत पूर्वी दुसरी रिंग होती आणि ती जवळजवळ नेमकी २५ ची होती, त्यामुळे ‘रिंग लाव, शून्य कर’ एवढेच शिकवले गेले होते. ज्येष्ठ तपासनीसांच्या टिपणातही उरलेल्या दोघांविषयी ‘गेज झुलवत नाही’ असे लिहिलेले आहे. तक्त्यातील पाच तक्रारींवर सह्या असलेले दोघे म्हणजे न झुलवणारे हे दोघे. रिंगचा आकडा न वाचणाऱ्यांत एक नऊ वर्षांचा कायम कामगार आहे आणि त्याच्या वर्तुळाचे चारही भाग भरलेले होते. त्यालाच इतरांना शिकवायला नेमले होते, हे लिहितानाही अवघड वाटते.

संगमनेरकर · शुक्रवार, सकाळी ९.३०

हे वाचून मी आज आमच्या रिंगा पाहून आलो. त्यांच्यावर काय कोरले आहे ते येथे लिहीत नाही. चौकट भरण्यापूर्वी अशी चाचणी घेऊन त्याची तारीख मॅट्रिक्समध्ये लिहावी, असे मी आमच्याकडे सुचवणार आहे. मात्र मॅट्रिक्स निरुपयोगी आहे, हे मला अजूनही मान्य नाही.

जुना मापाडी · शुक्रवार, सकाळी १०.१५

निरुपयोगी आहे असे मी म्हटलेलेच नाही. तारीख लिहिण्याची आपली कल्पना चांगली आहे.

डोंबिवलीकर · शुक्रवार, दुपारी १२.००

समजा हे चौघे सुधारले. पण बर आणि ठोक्याच्या आठ तक्रारींचे काय? तेथे तर सरळ डोळ्यांनी पाहायचे असते, तेथे निष्काळजीपणाशिवाय दुसरे कारण काय असणार?

जुना मापाडी · शुक्रवार, दुपारी ३.३०

तेथेही चाचणी घेता येते. तीस पार्ट घ्यावेत, त्यांत चांगले, वाईट आणि काठावरचे सर्व असावेत. प्रत्येकाला दोन वेगवेगळ्या दिवशी ते दाखवून ‘घ्यावा की टाकावा’ एवढेच विचारावे. माणूस दोन्ही दिवशी तेच उत्तर देत असेल, परंतु ते उत्तर ग्राहकाच्या मताशी जुळत नसेल, तर त्याला नियम वेगळा सांगितला गेला आहे किंवा सांगितलाच गेलेला नाही. तेथे ग्राहकाने मान्य केलेले लिमिट सॅम्पल, म्हणजे कोठवरचा दोष चालेल हे दाखवणारा नमुना, टेबलावर ठेवले की काम भागते. स्वतःचेच उत्तर बदलत असेल, तर प्रकाश आणि डोळे तपासावेत. आमच्याकडे एका चांगल्या तपासनीसाला आम्ही दोनदा बरच्या प्रशिक्षणाला पाठवले होते आणि नंतर त्याला जवळचा चष्मा लागला. निष्काळजीपणा असतो, नाही असे नाही. पण तो निष्कर्ष सर्वांत शेवटी यावा.

गोदाकाठ · त्यापुढील आठवडा, बुधवार, रात्री ९.५०

तीन आठवडे संपत आले, म्हणून शेवटचे वृत्त देते. चौघांसाठी मोजणीच्या टेबलावरच दोन-दोन तासांची दोन सत्रे झाली आणि ती ज्येष्ठ तपासनीसांनी घेतली. कालच्या पुनर्चाचणीत तिघे दोन मायक्रॉनच्या आत आले. चौथ्याचा हात अजून स्थिर नाही, म्हणून त्याला तूर्त बोअरच्या कामावरून बाजूला ठेवले आहे. त्याचा ठेका कमी होणार नाही असे आश्वासन मी त्याला दिले आहे, परंतु तो निर्णय शेवटी माझ्या हातात नाही, याची मला जाणीव आहे. डाव्या-उजव्या पार्टसाठी दोन रंगांच्या पेट्या मागवल्या आहेत. लिमिट सॅम्पलसाठी ग्राहकाला पत्र गेले आहे, उत्तर आलेले नाही.

दोन दिवसांचा कार्यक्रम मात्र होणार आहे. संस्थेला आगाऊ रक्कम आधीच दिली गेली होती. विषय बदलून निदान मापनाचा करावा, अशी विनंती मी केली. त्यावर संस्थेने आपल्याकडे तो प्रशिक्षक नसल्याचे कळवले.

गरम पार्टचा प्रश्न सर्वांत मोठा होता आणि तोच अडला आहे. मी अहवालात तिसऱ्या पाळीसाठी पार्ट थंड करण्याचा पंखा असलेला रॅक आणि किमान चाळीस मिनिटांचा अवधी मागितला होता. रॅक मंजूर झाला. अवधीविषयी उत्पादन विभागाचे म्हणणे असे की, गाडीची वेळ ग्राहकाने ठरवलेली आहे.

रात्रपाळी · गुरुवार, पहाटे ४.५५

ताई, रॅक आल्यावर तो मशीनच्या शेजारी ठेवू देऊ नका, तेथे वाराही गरमच असतो. सेटिंग रिंगही त्याच टेबलावर ठेवायला सांगा, जेथे पार्ट थंड होणार आहेत. आणि जमल्यास एकदा पहाटे साडेचारला स्वतः येऊन उभ्या राहा.

गोदाकाठ · गुरुवार, सकाळी ९.०५

सोमवारी येते आहे. उत्पादन विभागाच्या प्रमुखांनाही सोबत यायला सांगितले आहे, त्यांनी अजून होकार दिलेला नाही.